वीस सेकंद आणि एक पाऊल मागे

पाटीताईचं काम सोपं होतं आणि ते काय, हे सांगणं भलतंच अवघड. ती मोठमोठ्या इमारतींमध्ये दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावायची. लिफ्ट कुठे, जिना कुठे, पैसे कुठे भरायचे, बाहेर कुठून पडायचं. इमारतीत आधी ती स्वतः चारदा चालून यायची, माणूस कुठे थबकतो, कुठे मान वळवतो ते बघायची आणि मग नेमकी तिथे पाटी ठोकायची. तिच्या हाताखालचे दोघे कारागीर तिला पाटीताई म्हणत, आणि हळूहळू घरचेही तेच म्हणायला लागले.

पण गेले तीन महिने काम आलं नव्हतं. इकडे तिच्या धाकट्या दिराचा बादल्यांचा कारखाना होता. तो म्हणाला होता, "वहिनी, बादल्यांवर लेबलं नीट लागतायत का, हे बघायला माणूस हवाय. तीन दिवसांत सांगा, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो." नोकरी वाईट नव्हती. पण दिवसभर बादल्यांकडे बघत बसायची कल्पनाच पाटीताईला सोसवत नव्हती. बादली कुठे चुकत नाही, तिला रस्ता दाखवावा लागत नाही.

एकच आशा उरली होती. दोन दिवसांनी संध्याकाळी गावातल्या छोट्या-मोठ्या व्यावसायिकांचा ओळखी करून घेण्याचा मेळावा होता आणि तिथे मोठ्या रुग्णालयाचे व्यवस्थापक येणार होते. रुग्णालयाची सहा मजली नवी इमारत उभी राहत होती, आणि तिथे पाट्या कोण लावणार, हे अजून ठरलं नव्हतं.

"त्या गर्दीत तुला वीस सेकंद मिळतील," आत्या म्हणाली. "एकविसाव्याला माणूस तुझ्या खांद्यावरून कॉफी कुठे आहे ते बघायला लागतो."

तिच्याकडेच राहणारी ही आत्या निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना तिने कविता म्हणायला शिकवल्या होत्या, हातवाऱ्यांसकट. तिच्या वर्गातलं पोर मंचावर कधी अडखळलं नाही. पाटीताईला तयार करायचं कामही तिने आपण होऊनच अंगावर घेतलं.

"आधी काय करतेस ते. मग ते कसं, म्हणजे कळेल असं. मग एक खरी घडलेली गोष्ट. आणि शेवटी त्यालाच एक प्रश्न, म्हणजे पुढचं तो बोलेल. चल, म्हण."

हे सगळं अगदी बरोबर होतं. आत्याचं पुढचं मात्र जरा चुकलं.

"आणि पाठ केल्यासारखं वाटता कामा नये हं! म्हणून इथे, 'बाण लावते' नंतर, थांबायचं. एकदम काहीतरी आठवल्यासारखं कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, 'अरे हो!' हे आपण पन्नास वेळा करू, म्हणजे सहज येईल."

"आत्या, पन्नास वेळा सहज?"

"उलट उत्तर नको. नजर कुठे? समोरच्याच्या डोळ्यांत बघितलंस की घाबरशील. डोक्याच्या जरा वर बघायचं. माझी सगळी पोरं तसंच बघायची."

पाटीताईने दोन दिवसांत पंचावन्न वेळा म्हटलं. भांडी घासताना म्हटलं, जिना चढताना म्हटलं. घड्याळ लावून बघितलं तर बरोबर वीस सेकंद. आत्या खूश झाली. "बघ, आता झोपेतून उठवलं तरी म्हणशील!"

तेच तर झालं.

मेळाव्याच्या दालनात दोनशे माणसं आणि चारशे माणसांचा आवाज होता. प्रत्येकाच्या गळ्यात फीत होती आणि फितीला नावाची चिठ्ठी. पण या चिठ्ठ्यांना एक खोड असते. त्या गिरकी घेऊन नेमक्या उलट्या होतात. त्यामुळे निम्म्या लोकांच्या छातीवर नुसता पांढरा कागद लटकत होता. व्यवस्थापक कसे दिसतात, हे पाटीताईला माहीत नव्हतं. तिने ठरवलं, समोर येईल त्याला सांगत सुटायचं. दोनशेतले एक तेच असणार.

दाराशीच करड्या कोटातले एक गृहस्थ भेटले. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत इकडेतिकडे बघत होते. ऐकायला उत्सुक आहेत, असं पाटीताईला वाटलं. तिने त्यांच्या डोक्याच्या चार बोटं वर नजर लावली आणि सुरू केलं.

"नमस्कार! मी पाट्या करते. मोठ्या इमारतीत माणूस कुठे अडखळतो, ते मी स्वतः चालून बघते आणि बरोबर तिथेच बाण लावते." मग ती थांबली, कपाळाला हात लावला. "अरे हो! एका कचेरीत लोक जिना शोधत रोज स्वयंपाकघरात शिरायचे. आता एकही शिरत नाही! तुमच्या इमारतीत लोक सगळ्यात जास्त कुठे चुकतात?"

आणि हात जोडून ती एक पाऊल मागे सरकली.

हे मागे सरकणं तिने ठरवलं नव्हतं. पण आत्याच्या वर्गात कविता संपली की एक पाऊल मागे जायची शिस्त होती, आणि तालमीत ते पाऊल आपोआप पाठ झालं होतं. मागे उभ्या असलेल्या विमा एजंटच्या बुटावर ते पडलं.

"छान, छान," गृहस्थ म्हणाले. "मी जरा... आलोच." आणि ते घाईने निघून गेले.

मग पाटीताईने विमा एजंटला ऐकवलं. त्याचंही पाठ होतं. दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारले आणि दोघंही उत्तराची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने उभे राहिले. उत्तर कुणाच्याच तालमीत नव्हतं. शेवटी एजंट म्हणाला, "बरंय मग," आणि तीही म्हणाली, "बरंय."

मग एका फर्निचरवाल्या बाईंना, एका दंतवैद्याला आणि मोबाइलवर बोलत असलेल्या एका तरुणाला ऐकवून झालं. त्या तरुणाने पलीकडच्याला सांगितलं, "काही नाही रे, इथे कोणीतरी कविता म्हणतंय."

तेवढ्यात दालनाला लागून असलेल्या अरुंद बोळातून एक गृहस्थ लगबगीने आले. पाटीताईने डोक्याच्या वर बघून पुन्हा सुरुवात केली. "नमस्कार! मी पाट्या करते..."

"अहो ताई, तुम्ही मघाशीच..."

पण कविता एकदा सुटली की मधे थांबते थोडीच! मधेच थांबलं की पहिल्यापासून म्हणावी लागते. "...बाण लावते. अरे हो!" कपाळाला हात, स्वयंपाकघर, प्रश्न, नमस्कार आणि एक पाऊल मागे. गृहस्थ कळवळून म्हणाले, "ऐकलं हो, ऐकलं!" आणि पुन्हा बोळात पळाले.

विमा एजंट हे सगळं बघत होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नका. ते 'अरे हो' तुम्हाला दोन्ही वेळेला त्याच शब्दाला आठवलं. कपाळावरचा हातसुद्धा त्याच जागी. आणि माणूसही तोच."

"तोच?"

"तोच. करडा कोट."

पाटीताईचे कान तापले. एवढ्या वेळात तिने कुणाचाच चेहरा पाहिला नव्हता, नुसते केस आणि टकलं बघितली होती. एजंटने बोट केलं तिकडे फर्निचरवाल्या बाई तिच्याकडे बघून कपाळाला हात लावून दाखवत होत्या. पाटीताईला वाटलं, पुरे झालं. तोंडावर पाणी मारावं, घरी जावं आणि बादल्यांना होकार कळवावा.

बोळात स्वच्छतागृहाची पाटी होती, तीन पायांच्या लाकडी घोड्यावर. बाण डावीकडे. ती डावीकडे गेली, पहिलं दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं.

आत झाडू होते. पोछे होते. साबणाचे डबे होते. आणि त्या सगळ्यांच्या मधे करड्या कोटातले गृहस्थ उभे होते.

"नको!" ते ओरडले. "मला पाठ झालंय!" आणि खरोखरच त्यांनी म्हणून दाखवलं. "मी पाट्या करते, माणूस अडखळतो तिथे बाण लावते, अरे हो..." त्यांनी कपाळाला हात लावला, तर कोपराने पोछा खाली पडला. "स्वयंपाकघर! बाई, मी तिसऱ्यांदा या कोठीत आलोय. मला फक्त एक गोष्ट कळू द्या. स्वच्छतागृह कुठे आहे?"

पाटीताई काही म्हणायला तोंड उघडणार, तर डोक्यात एकही ओळ नाही. पाटी मात्र डोळ्यांसमोर होती. तिने पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम भडाभडा बोलली.

"तो बाणच चुकलाय! सकाळी तो घोडा समोरच्या भिंतीला लावलेला होता, फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे आहेत बघा. कॉफीचं टेबल आत नेताना कुणीतरी उचलून या भिंतीला ठेवला. पलीकडची पाटी इकडे आली की डावं ते उजवं होतं ना! म्हणून मी म्हणते, पाय असलेल्या वस्तूवर बाण कधी लावू नये. भिंतीवर लावावा. भिंत कुठे जात नाही. उजवीकडे दुसरं दार, चला!"

आणि ती पुढे, ते मागे, असे दोघं निघाले. दुसरं दार आलं. गृहस्थ धावतच आत गेले.

ते बाहेर आले तेव्हा माणूसच वेगळा दिसत होता, शांत, समाधानी. पाटीताईने तोवर घोडा उचलून समोरच्या भिंतीला लावला होता आणि खाली बसून त्याचे पाय जुन्या ओरखड्यांवर जुळवत होती. गृहस्थ वाकून बघायला लागले, तशी त्यांच्या गळ्यातली चिठ्ठी गिरकी घेऊन सुलटी झाली. पाटीताईने वाचलं. रुग्णालय. व्यवस्थापक.

ती घोड्याचा पाय धरून तशीच बसून राहिली.

"आमच्या जुन्या इमारतीत ना," व्यवस्थापक म्हणाले, "क्ष-किरणाची पाटी चाकांच्या फळ्यावर आहे. रोज सकाळी सफाईवाले ती सरकवतात."

"मग लोक कुठे जातात?"

"धोबीखान्यात. काल एक आजोबा पाऊण तास चादरींच्या रांगेत बसले होते. वर म्हणाले, इथे गर्दी फार आहे." ते स्वतःच हसले. "उद्या सकाळी नवी इमारत चालून बघाल? तुम्ही चालून बघता ना? तेवढं पक्कं लक्षात राहिलंय माझ्या."

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा दिराला फोन करून बादल्यांना नाही कळवलं. मग आत्याला सगळं सांगितलं, कोठीसकट.

"म्हणजे तू चहाडी सांगितलीस," आत्या म्हणाली.

"चहाडी?"

"मग काय! माझ्या वर्गातलं जे पोर कवितेला चार ओळींत चारदा अडायचं, तेच चहाडी सांगायला आलं की कसं घडाघडा बोलायचं! कोण, कुठे, काय झालं, आता काय करायचं, सगळं वीस सेकंदांच्या आत. आणि बघायचं थेट माझ्या डोळ्यांत. पस्तीस वर्षं ऐकलं मी, आणि डोक्यात कधी आलं नाही." ती उठली आणि तिने कपाटातून घड्याळ काढलं. तिचा चेहरा उजळला होता. "चल, उभी राहा. उद्या त्यांच्यासमोर बोलायचंय ना? चहाडीची एक तालीम करून टाकू."

पाटीताई एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. मग दार लावून घेऊन झोपायला गेली.