लेबलाखालचं लेबल

आप्पांनी सव्वीस वर्षं एका मोठ्या दुकानात लेबलं चिकटवली. दुकानात कपबशीपासून कपाटापर्यंत सगळं मिळायचं, आणि त्या सगळ्यावर भाव लिहायचं काम आप्पांचं. बारीकसारीक मालाला लेबल मारायची बंदूक होती. मोठ्या मालाला मात्र हाताने आकडे काढायचे. आप्पांचे आकडे छापल्यासारखे असत. मालकाचा एकच नियम होता, जुनं लेबल काढत बसायचं नाही, नवं त्याच्यावरच बसवायचं, चारी कडा जुळवून. काढायला गेलं की मालावर डाग राहतो आणि गिऱ्हाइकाला प्रश्न पडतो. गिऱ्हाइकाला प्रश्न पडलेला मालकाला खपत नसे.

निवृत्त झाल्यावर आप्पा घरात जेमतेम बोलत. बोलायचं खातं माईंकडे होतं. माई म्हणजे त्यांची बायको, आणि तिच्या बोलण्यात वर्षातून निदान चार वेळा ते लोखंडी कपाट यायचं. "आमचं कपाट अर्ध्या किमतीत मिळालं हो. सेल होता. हे तिथेच कामाला, पण यांनी चकार शब्द सांगितला नाही. माझं मीच हेरलं." हे ऐकलं की आप्पांना हमखास चष्मा पुसायची आठवण व्हायची.

त्या दुपारी सून शिलाईची मशीन बंद करून फोनकडे बघत बसली होती. ती घरीच कपडे शिवायची आणि पुढच्या महिन्यापासून तिला एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. कडा ओवरलॉक करायला ती इतके दिवस दोन गल्ल्या पलीकडे जायची. तीनशे गणवेश घेऊन कुठे जाणार? ओवरलॉकची मशीन घरातच हवी होती. दीड वर्ष साठवून तिच्याकडे एकवीस हजार जमले होते, त्यातच मशीनही बसवायची आणि सुरुवातीचा दोराही.

"माई, हे बघा. एक्केचाळीस हजारांची मशीन साडेवीसला. अर्धी किंमत. आणि दोन तास अकरा मिनिटंच उरलीत."

फोनवर एक्केचाळीस हजारांवर आडवी रेघ होती. खाली लाल अक्षरात नवा भाव आणि त्याखाली उलटं पळणारं घड्याळ.

माई शेंगा सोलत होत्या. "मग वाट कसली बघतेस? माझं कपाट असंच मिळालं. लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये."

आप्पा खिडकीपाशी बसले होते. ती रेघ त्यांनी लांबूनही ओळखली. अशा हजारो रेघा त्यांनी पट्टी लावून मारल्या होत्या.

सून घाई करणाऱ्यातली नव्हती. "थांबा, आधीचा भाव बघते. एक साइट आहे, वस्तूची लिंक टाकली की वर्षभराचा भाव दाखवते." तिने लिंक टाकली आणि हुश्श केलं. "खरंच आहे. बघा, वर्षभर चाळीस-एक्केचाळीसच होती."

आप्पा उठले. उठले म्हणजे घरात एक घटनाच झाली. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि फोन हातात घेतला.

"साइटवर आहे तिचा नंबर वाच बरं. शेवटपर्यंत."

सुनेने वाचला. शेवटी एक टी होता.

"आणि तू घेतेयस तिचा?"

तिने परत वस्तूच्या पानावर जाऊन पाहिलं. नंबर तोच, पण शेवटी टी नाही. टी म्हणजे टेबल आणि मोटरसकट आख्खा संच. टेबल आणि मोटर तिच्याकडे होती, म्हणून ती नुसती मशीन घेणार होती. पण लिंक उचलताना पानावर संचाचा पर्याय निवडलेला राहिला होता.

"मालाचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा," आप्पा म्हणाले. "एका अक्षरात आख्खं टेबल लपतं." एवढं लांब वाक्य बोलून ते जरा ओशाळले.

सुनेने नुसत्या मशीनचा पर्याय निवडला. लिंक बदलली. ती तिने साइटवर टाकली.

"थांब," आप्पा म्हणाले. "बघायच्या आधी सांगतो. वीस-एकवीस दिवसांपूर्वी भाव चढला असेल."

चित्र उघडलं. अकरा महिने रेघ जमिनीसारखी सपाट होती, सतरा हजार नऊशेवर. मग ती एकदम उभी चढून तेवीस हजार आठशेवर गेली. कालपासून साडेवीसवर उतरली होती. एक्केचाळीस हजाराला ती कधी शिवलीसुद्धा नव्हती. तो आकडा टेबल-मोटरवाल्या संचाचा होता, इथे उसना आणून वर खोडला होता. सुनेने बोटावर दिवस मोजले. भाव चढल्याला एकवीस दिवस झाले होते.

तिने आप्पांकडे पाहिलं आणि ती पाहतच राहिली. चार वर्षं ती या माणसाला चहा देत होती.

आप्पांचं मात्र तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या अंगावर काटा आला होता. त्यांची आजवर समजूत होती की लेबलावर लेबल बसलं की खालचा भाव मेला. गिऱ्हाईक विसरतं, मालक बोलत नाही, आपण तर नाहीच नाही. आणि इथे कुणीतरी रोज, न चुकता, न कंटाळता, जगातल्या एकेका वस्तूचा भाव टिपून ठेवत होतं. कुणाचं लक्ष नाही अशा एका मंगळवारचासुद्धा. त्या उभ्या रेघेत त्यांना गोदामाचा कोपरा दिसला, स्टूल दिसलं, सेलच्या तीन आठवडे आधी आलेला नव्या लेबलांचा गठ्ठा दिसला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं तर पडद्यावर तारखा उमटत गेल्या.

"आप्पा, तुम्हाला दिवससुद्धा कसे कळले?"

माईंचा शेंगा सोलण्याचा आवाज थांबला होता.

आप्पांना गप्प बसता आलं असतं. आयुष्यभर तेच जमलं होतं. पण सून पुढे म्हणाली, "की कंपनीने मधे भाव वाढवला असेल खरोखरचा? आता नाही घेतली तर परत तेवीस होईल." तिचा अंगठा खरेदीच्या बटणापाशी घुटमळत होता, घड्याळात दीड तास उरला होता आणि दीड वर्षाची शिल्लक पणाला लागली होती. सांगावं तर समोर माई होत्या, आणि माईंचं कपाट.

"वाफेची इस्त्री लाव," आप्पा म्हणाले.

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात, पिवळं पडलेलं लेबल अजून होतं. माईंनी ते कधी काढू दिलं नव्हतं, पाहुण्यांना पुरावा म्हणून दाखवायच्या. नऊ हजार सहाशे, त्यावर लाल रेघ, खाली चार हजार आठशे. सगळं आप्पांच्या हातचं. त्यांनी इस्त्री अंगठाभर लांब धरली आणि वाफ सोडली. जुना डिंक भिजू दिला. मग नखाने एक कड उचलली आणि पापुद्रा सोडवावा तसं वरचं लेबल अलगद सोडवलं. ते फाटलं नाही.

खाली दुसरं लेबल होतं. चार हजार सातशे. त्यावर रेघबिघ काही नाही.

"सेलच्या आधी तीन आठवडे मीच नवं चिकटवलं," आप्पा कपाटाकडे बघतच म्हणाले. "त्याआधी नऊ हजार सहाशेला हे कपाट एका दिवसासाठीही नव्हतं. सेलच्या सकाळी मी पट्टी लावून रेघ मारली. अर्ध्या किमतीत काही मिळालं नाही आपल्याला. उलट शंभर जास्तच गेले. मला माहीत होतं, आणि मी तुला घेऊ दिलं." शेवटचं वाक्य माईंसाठी होतं, पण त्यांच्याकडे बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

माईंनी पदराला हात पुसले, उठून कपाटाशी आल्या आणि खालचं लेबल जवळून पाहिलं.

"चार हजार सातशे तर शेवटी झालं," त्या म्हणाल्या. "जानेवारीत साडेचार होतं. मार्च संपेपर्यंत साडेचारच. मेमध्ये चार सहाशे. ऑगस्टला सातशे. मग एकदम नऊ हजारांच्या वर. तेव्हाच म्हटलं, आता सेल लागणार."

आप्पा कपाटाकडून माईंकडे वळले.

"तुला कसं..."

"दर पगाराला तुम्हाला घ्यायला यायचे ना दुकानात. तुमची पाळी संपेस्तोवर काय करायचं? कपाटाशी उभी राहायचे. खोडलेला आकडा मी जन्मात कधी वाचला नाही. आदल्या खेपेला कितीला होतं, एवढंच बघायचं."

आप्पांनी सुनेच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माईंकडे. ज्या रेघेने त्यांच्या अंगावर काटा आला होता ती रेघ अठ्ठावीस वर्षं या बाईच्या डोक्यात होती, तारखांसकट, आणि त्यांना तिचा पत्ताही नव्हता.

"मग शंभर जास्त देऊन घेतलंत कशाला?" सुनेने विचारलं.

"तुझा नवरा पोटात होता, दिवस भरत आले होते. कपडे ट्रंकेत कुबट व्हायला लागले होते. गरज होती, आणि शंभरासाठी थांबायला सवड नव्हती. तुला आहे का सवड?"

सुनेने हिशेब केला. गणवेशांना पाच आठवडे होते. "आहे. तीन आठवडे."

"मग थांब."

"पण अर्ध्यात मिळालं, असं का सांगता सगळ्यांना?" आप्पांनी विचारलं.

माईंनी सोडवलेलं लेबल त्यांच्या हातातून घेतलं. "पैसे भरले तेव्हा तुम्ही गल्ल्यापाशी मान खाली घालून उभे होता. माझ्याकडे बघेनात. घरी आल्यावर जेवला नाहीत. म्हटलं, या माणसाला नोकरीत तोंड उघडता येत नाही, निदान घरात तरी मान वर राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनी लेबल परत आप्पांच्या तळहातावर ठेवलं. "हे चिकटवा परत. चारी कडा जुळवून."

संध्याकाळी घड्याळ शून्यावर आलं. सून, माई आणि आप्पा तिघंही बघत होते. एक क्षण गेला आणि तेच घड्याळ पुन्हा चोवीस तासांपासून धावायला लागलं. सून इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

तेराव्या दिवशी मशीन सतरा हजार नऊशेला आली. उरलेल्या पैशांत सुनेने पांढऱ्या आणि निळ्या दोऱ्याच्या रिळांचं आख्खं खोकं घेतलं. खोकं उघडत असताना तीच शेजारीण आली, मशीनवरून हात फिरवून म्हणाली, "सेलमध्ये घेतलीत वाटतं?"

"छे, ही आपली सरळ भावात," माई म्हणाल्या. मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं, वरच्या कोपऱ्यातल्या लेबलाकडे बोट केलं आणि आवाज चढवला. "कपाट मात्र अर्ध्या किमतीत. सेल होता. हे तिथेच कामाला, पण चकार शब्द सांगितला नाही यांनी."

शेजारणीने आप्पांकडे पाहिलं. आप्पांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. ते माईंकडे बघत राहिले, आणि या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.