तीन अंशांचा दिवस

"शनीला दुसरी कामं नाहीत का? सदानकदा माझ्याच मागे!" भाची पुटपुटली.

"हलू नकोस, टाचणी टोचेल," तिच्या अंगावरचा कोट बेतत मावशी म्हणाली. ती शिवणकाम करायची आणि फावल्या वेळात कुंडल्या मांडायची. भाची चष्म्याच्या कारखान्यात काचा घासून नंबर द्यायची. दूरच्या शहरात तिला मोठी नोकरी मिळत होती आणि उद्या होकार कळवायचा होता. पण मावशीनेच पूर्वी सांगून ठेवलं होतं: कुंडली रात्रीची, शनी नवव्या घरात, लांबचे प्रवास जड जाणार. कोपऱ्यात बटणं निवडत बसलेल्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, ते वाक्य देवाघरचं असल्यासारखं जपलं होतं.

"संध्याकाळी सातचा जन्म, म्हणून तू रात्र धरलीस ना?" ताई म्हणाली. "मला तर आठवतंय, तेव्हा सूर्य असा डोळ्यांत घुसत होता, की नर्सने पडदा ओढला."

मावशीचा हात थबकला.

"काय म्हणालीस? सूर्य?"

टाचण्या तशाच सोडून तिने वही काढली. मावळतीचं क्षितिज सूर्याच्याच राशीच्या अकराव्या अंशावर, सूर्य चौदाव्यावर. म्हणजे तीन अंश वर, मावळायला दहा-पंधरा मिनिटं बाकी. तिने तेव्हा घड्याळ पाहिलं होतं, आकाश नाही.

"माझंच चुकलं गं. ही दिवसाची कुंडली."

"मग काय बदललं?" भाचीने विचारलं.

"सगळं नाही, पण बरंच. दिवसा सूर्य, गुरू, शनी आपल्या घरी असल्यासारखे. रात्री चंद्र, शुक्र, मंगळ. बुध दोन्हीकडचा: सूर्याआधी उगवला तर दिवसाचा, नंतर मावळला तर रात्रीचा. शनी मुळात गारठलेला म्हातारा. दिवसाच्या उबेत जरा माणसात येतो. उशीर करेल, राबवून घेईल, पण टिकाऊ देईल. रात्री मात्र गारठ्यात गारठा."

"म्हणजे मी जाऊ?"

"शनीची आडकाठी नाही. पण तापट मंगळाला रात्रीचा गारवा लागतो. दिवसा तोच जास्त भडकतो. आणि तुझा मंगळ चौथ्यात."

"चौथं म्हणजे?"

"घर. आई."

भाचीला हसू फुटलं. "बाहेर शनी नाही, आत मंगळ!"

मावशीही हसली. ताई मात्र बटणं निवडत राहिली, काळ्यांत पांढरी टाकत.

"पुन्हा तपास," ती म्हणाली. "तीन अंश म्हणजे कितीसे?"

"उजेडाला पुरेसे आहेत, ताई. तपासून काय होणार?"

"मग दुसरं काहीतरी बघ. गुरू बघ. शुक्र बघ."

"कशासाठी?"

ताईने बटणांची डबी बंद केली. भाचीच्या अर्ध्या शिवलेल्या कोटाची बाही तिने दोन बोटांनी सरळ केली, आणि मान वर न करता म्हणाली,

"शनी-मंगळाचं काही नाही गं. तू गेलीस की मी एकटी पडेन, एवढंच आहे."