काल मीच पढवून ठेवलं

बावीस वर्षं झाली, डोणगावच्या शाळेत पाचवीले गणित शिकवून राह्यलो. मले कोणी शिकवायले आलं की डोकं तापतेच. पण समतासाठी जीव तुटत होता. आमच्याच शाळेतली पोरगी, आता मास्तरकीचा कोर्स करते. मागच्या साली परीक्षेच्या शेवटच्या पाठात ती नापास झाली. यंदाचा पाठ माझ्याच वर्गावर होता; यातही नापास झाली तर तिचं शिक्षक होणं संपलं. म्हणून मी आदल्या दिवशी तिच्या पाठाचं टाचण पाहून पोरांकडून सगळी उत्तरं घोकून घेतली. तिले न सांगता. वाटलं, मदत होते!

परीक्षक देवानंद सर मागच्या बाकावर बसले. टाचणात नऊ पायऱ्या, वेळ पस्तीस मिनिटं. समतानं पुस्तक वर धरलं. "मुंगी याच्या कडेकडेनं एक चक्कर मारते. ती किती..."

"चौऱ्याऐंशी सेंटीमीटर!" वर्ग ओरडला.

समतानं माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली.

दुसरी असती तर तोच पाठ रेटला असता. उत्तरं तयारच होती. हिनं फळ्यावर त्रिकोण काढला. बाजू तीन, चार, पाच मीटर. "याची चक्कर?" हे घोकलेलं नव्हतं; पोरं पुढं सरकली. आता कुठं लक्ष वेधलं. मग उद्दिष्ट सांगितलं: कोणत्याही आकाराची परिमिती काढायची. लांब्यांची बेरीज येते का, ते चाचपलं. पुस्तकाच्या चारही कडा एकेक करून मिळवून दाखवल्या. "निघालो तिथं परत येईपर्यंत बोट उचलू नका," अशी वाट दाखवली अन् त्रिकोण पोरांच्या हवाली केला.

पायलनं लिहिलं चौदा. लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन. माझंच सूत्र!

"बोट फिरव बरं. कोणती बाजू राह्यली?" समतानं विचारलं. पायलनं खोडून बारा केलं. "तिन्ही बाजू घेतल्या, म्हणून बरोबर आलं," समता म्हणाली. मग पाच बाजूंची नवी आकृती, मदत बंद. चोवीसपैकी वीस पोरांचं बरोबर आलं, अन् घंटा झाली.

"नववी पायरी राहिली, शिकलेलं वर्गाबाहेर वापरायची," देवानंद सर म्हणाले. "सुरुवातीलाच टाचण सोडून वेळ का घालवला?"

समता फळा पुसायले लागली. तिनं माझं नाव घेतलं नाही.

"साहेब, चूक माझी हाय," मी उठलो. "काल मीच पोरांले पढवलं. पुढचा तास माझा हाय, तो हिले द्या."

सरांनी मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "दहा मिनिटं."

समतानं पोरं परसबागेत नेली. बाग वाकडीतिकडी, पाच कोपऱ्यांची. कुंपणाले तार किती लागन? पोरं टेप घेऊन पळाली. पायल आकडे मांडत होती. सवयीनं मी तिच्या कानाशी लागलो, "लांबी अधिक रुंदी..."

"सर, ते इथं नाही चालत," ती म्हणाली, अन् माझ्या एका हातात टेप देऊन, दुसऱ्या हाताचं बोट धरून मले बागेच्या कडेनं फिरवायले लागली.

देवानंद सरांनी नवव्या पायरीपुढं पूर्ण गुण टाकले. मी मुकाट पायलमागं चालत होतो, अन् समताचा एवढा अभिमान वाटला, का डोळे पुसायले हात मोकळा नव्हता.