पाचव्या गाळ्यातल्या पट्ट्या

ते दिवे तिनेच लावून घेतले होते. नऊ वर्षांपूर्वी कारखान्याच्या त्या लांबलचक लोखंडी शेडमध्ये दुपारीही अंधारून यायचं. क्रेनखाली साखळी बांधणाऱ्या एका कामगाराची दोन बोटं अंधारात चुकीच्या जागी सापडली आणि गेली. ती तेव्हा देखभाल विभागात नवीन इंजिनिअर होती. क्रेन ज्या गर्डरवरून, म्हणजे लोखंडी तुळईवरून धावते, त्याच्या खालच्या फ्लँजला, तळाच्या सपाट कडेला, छोट्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या आणि त्यांना दिवे टांगायचे, असं तिने सुचवलं. दिव्यांचं वजन ते किती? तिने गर्डरवरचा भार तपासला, ताण मोजला आणि ड्रॉइंगवर सही केली. शेड उजळली. तिचे थोरले दीर त्याच शेडमध्ये क्रेन चालवायचे. ते घरी येऊन जाऊबाईंना म्हणाले, "हिच्यामुळे आज पहिल्यांदा मला खालच्या माणसांचे चेहरे दिसले."

भावोजींना कारखान्यात सगळे 'वरचे' म्हणत. काम अडलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "आता सगळं वरच्यांच्या हातात." आणि क्रेनच्या उंचावरच्या केबिनमधून भावोजी गंभीर चेहऱ्याने आशीर्वादाचा हात वर करायचे. हा विनोद वीस वर्षं चालला होता. कुणालाच त्याचा कंटाळा आला नव्हता.

कारखान्यात तिसरी पाळी सुरू करायचं ठरलं, तेव्हा विमा कंपनीने क्रेनच्या गर्डरांची फटीगची तपासणी मागितली. म्हणजे रोजच्या त्याच त्या ओझ्याने लोखंड थकतं का, हे बघायचं. काम तिच्याकडे आलं. या तपासणीत लोखंड किती मजबूत, हा प्रश्नच नसतो. क्रेन डोक्यावर आली की ताण किती चढतो, गेली की किती उतरतो, तो फरक किती आणि असं किती वेळा होतं, एवढंच बघायचं. प्रत्येक जोडाला त्याच्या घडणीनुसार एक वर्ग असतो. वर्गाचा आकडा सांगतो की ताणातला एवढा फरक हा जोड वीस लाख वेळा सोसेल.

मूळ गर्डरचा वर्ग एकशे बाराचा होता. क्रेन गेली की गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या टप्प्याच्या, मध्यावर ताण सत्तरने चढत-उतरत होता. त्या वर्गाला हा फरक इतका कमी होता, की गर्डर कित्येक दशकं उभा राहिला असता. तिने समाधानाने चहाचा घोट घेतला आणि पुढचं ड्रॉइंग उघडलं. ते दिव्यांचं होतं.

पट्टी एकशे वीस मिलिमीटर लांब, फ्लँजच्या लांबीच्या दिशेने, चहूबाजूंनी वेल्ड. खाली तिची सही.

कोडमधलं, म्हणजे बांधणीच्या नियमपुस्तकातलं, पान तिला तोंडपाठ होतं, तरी तिने काढून पाहिलं. शंभरहून लांब पट्टी असेल तर वर्ग छप्पन्न. पट्टीवर किती वजन टांगलंय याला काडीची किंमत नव्हती. काही न टांगता नुसती पट्टी वेल्ड केली असती, तरी छप्पन्नच. पट्टीच्या टोकाशी, जिथे वेल्ड संपतो तिथे ताण गोळा होतो आणि भेग तिथूनच निघते. पन्नासच्या आतली आखूड पट्टी असती तर ऐंशी मिळाले असते. वेल्ड न करता नुसते चिमटे आवळून दिवे टांगले असते, तर गर्डरला काही कळलंही नसतं.

छप्पन्न भागिले सत्तर, त्याचा घन, गुणिले वीस लाख. उत्तर आलं दहा लाख चोवीस हजार. सुरक्षेचा गुणक लावला की जेमतेम चार लाख. मग तिने क्रेनच्या नोंदी काढल्या. दिवसाला चारशे भरलेल्या फेऱ्या, वर्षाला तीनशे दिवस, नऊ वर्षं. दहा लाख ऐंशी हजार.

तिने तीनदा हिशेब केला. तिन्ही वेळा तोच आकडा आला, तेव्हा तिने कागद उचलला आणि ऑफिसची वाट धरली.

कारखान्याचे व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं.

"क्रेन वीस टनांची आहे," ते म्हणाले. "आपण सोळाच्या वर कधी उचललं का?"

"नाही. पण प्रश्न वजनाचा नाहीये साहेब, किती वेळा उचललं त्याचा आहे."

"आयुष्य संपलं म्हणजे उद्या तुटणार का?"

"तसं नाही. शंभर जोड घेतले तर पंच्याण्णवच्या वर त्या आकड्यापर्यंत टिकतात. त्यानंतर किती टिकतील ते कुणालाच सांगता येत नाही. आणि आपल्याकडे गाळे आठ, प्रत्येकात सहा पट्ट्या. मला चार दिवस क्रेन बंद हवी. रंग खरवडून रसायन लावून एकेक टोक बघायचंय."

"शनिवारी माल जायचाय. आज सोमवार आहे. रविवारपासून तुला हवे तेवढे दिवस घे. तोवर वजन निम्मं करू. आणि क्रेन चालू असताना जेवढ्या पट्ट्यांपर्यंत पोचता येईल तेवढ्या बघून घे. काही सापडलं तर मी त्याच क्षणी बंद करतो. चालेल?"

ती त्या वेळी 'नाही' म्हणू शकली असती. वजन निम्मं केलं तरी क्रेनचं स्वतःचं वजन तेवढंच राहतं, त्यामुळे सत्तरचे पन्नास होणार होते. नव्या जोडाचं आयुष्य त्याने जवळपास तिप्पट झालं असतं. पण हे जोड नवे नव्हते, त्यांच्या वाट्याचं सगळं खर्च झालेलं होतं. हे तिला ठाऊक होतं. पण त्या ड्रॉइंगवरची सही तिची होती. आपण घाबरून बोलतोय की हिशेबाने, हे तिचं तिलाच उमगेना. ती म्हणाली, "चालेल."

मंगळवारी ती खांबांच्या शिड्यांवरून चढली. हात पोचले ते फक्त खांबालगतच्या पट्ट्यांपर्यंत. रंग काढला, लाल रसायन लावलं, पुसलं, पांढरी फवारणी केली आणि वाट पाहिली. भेग असती तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. कुठेच उमटली नाही. तिने तसा अहवाल लिहिला. 'सोळा पट्ट्या तपासल्या, दोष नाही.' त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण खांबाजवळ गर्डर वाकतच नाही, तो वाकतो मध्यावर. मधल्या पट्ट्या जमिनीपासून नऊ मीटरवर, गरम मालाच्या थप्प्यांच्या वर होत्या. तिथे कुणी पोचलं नाही.

बुधवारी संध्याकाळी थोरल्या जाऊबाईंकडे सगळे जेवायला होते. भावोजी ताटावर बसत म्हणाले, "दोन दिवस निम्मंच ओझं उचलतोय. गाडीला नुसतं फिरवून आणल्यासारखं वाटतं. पाचव्या गाळ्यात मात्र काहीतरी टकटक करतंय बघ."

तिने हातातला घास खाली ठेवला. "कधीपासून?"

"कालपासून. मध्यावर चाक आलं की एकदा. रुळाचा बोल्ट सैल असेल."

"भावोजी, उद्या सुट्टी घ्या."

"का गं?"

तिने सांगितलं. पट्ट्यांचं, छप्पन्नचं, स्वतःच्या सहीचं. जाऊबाई वाढता वाढता थांबल्या होत्या. भावोजींनी नीट ऐकलं.

"मी नाही गेलो तर त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल," ते म्हणाले. "त्यापेक्षा तू सकाळी बंद करून घे ना. तुझ्या हातात आहे की."

ते खरंच होतं. क्रेनच्या मुख्य स्विचला कुलूप लावायचा अधिकार देखभालीच्या इंजिनिअरला होता. किल्ली तिच्याच पर्समध्ये असायची.

गुरुवारी सकाळी सात वाजता ती कारखान्यात पोचली. स्विचच्या खोलीशी येऊन थांबली. साहेबांना न सांगता कुलूप घातलं, तर शनिवारचा माल तिने एकटीने अडवल्यासारखं झालं असतं. आणि आवाज खरंच बोल्टचा निघाला तर? सोमवारी तिनेच 'चालेल' म्हटलं होतं. पाच मिनिटांचं काम, त्यांना सांगून टाकू, असा विचार करून ती ऑफिसकडे वळली. साहेब फोनवर होते. शिपायाने तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. ती बसली.

सात वाजून वीस मिनिटांनी आवाज झाला. स्फोटासारखा एकच आवाज, आणि मग लोखंडावर लोखंड घासत खाली येत राहिलं. ती धावली. पाचव्या गाळ्यातला गर्डर मध्यावर दुभंगून खाली झुकला होता. क्रेनचं एक टोक रुळावरून सुटलं होतं आणि केबिन थप्पीवर आपटून चेपली होती. कामगार केबिनचा दरवाजा पहारीने उचकटत होते. भावोजींना बाहेर काढलं, तेव्हा त्यांचा श्वास चालू होता. दवाखान्याच्या दारापर्यंत तो चालला.

चौकशी दीड महिन्याने झाली. लांब टेबलापलीकडे तीन अधिकारी बसले होते. कारखान्याच्या वकिलांचं म्हणणं होतं, की चालकाने ठरलेलं ओझं पाळलं नाही, घाईत सोळा टन उचलले असावेत. आदल्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेऊन समजावलंही होतं. "तुमचा अहवाल स्वच्छ आहे मॅडम. सोळा पट्ट्या, दोष नाही. जे गेले त्यांना आता काय फरक पडतो?"

तिने टेबलावर तुटलेल्या फ्लँजचा तुकडा ठेवायला लावला.

"ही पट्टी," ती म्हणाली. "हे तिचं टोक. भेग इथून निघाली. हा निम्म्याहून मोठा भाग काळा पडलाय, गंजलाय आणि गुळगुळीत आहे. त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रेघा आहेत. म्हणजे भेग कणाकणाने, कित्येक महिने वाढत होती. फक्त हा उरलेला भाग खडबडीत आणि चकचकीत आहे. त्या सकाळी तुटला तो एवढाच. त्या दिवशी सोळा टन असते काय किंवा आठ, याला काही अर्थ नव्हता. चालकाने काहीही चुकवलेलं नाही."

"मग चूक कुणाची?" मधल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"पट्टी वेल्ड करायचं ड्रॉइंग माझं. तेव्हा मी भार तपासला, फटीग तपासलं नाही. सोमवारी हिशेब हातात असताना मी 'चालेल' म्हटलं. मंगळवारी जिथे भेग असूच शकत नव्हती, तिथल्या पट्ट्या बघून अहवाल दिला. आणि गुरुवारी किल्ली जवळ असून मी बाकावर बसून राहिले."

अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं. व्यवस्थापक मान खाली घालून बसले होते. भावोजींच्या नावावरचा ठपका पुसला गेला. तिची नोकरी गेली, आणि ड्रॉइंगवर सही करायचा परवानाही.

त्या दिवशी संध्याकाळी ती जाऊबाईंकडे गेली. त्या भाजी निवडत होत्या. तिने निकालाचा कागद पुढे केला. जाऊबाईंनी तो वाचला, घडी केली आणि कपाटात ठेवून आल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "मी त्या सकाळी..."

"मला माहितेय," जाऊबाई म्हणाल्या. "ते जेवताना तुला म्हणाले होते, सकाळी बंद करून घे. मी तिथेच उभी होते."

मग जाऊबाईंनी भाजीची अर्धी जुडी तिच्याकडे सरकवली. ती खाली बसली आणि निवडू लागली. जाऊबाईंनी एकदाही मान वर केली नाही.