आडवं हसू

मंगळवारी दुपारी सावाची मेल आली. ताप आहे, आठवडाभर फोन करू नकोस, असं लिहिलेलं. शेवटी +- अशी दोन चिन्हं होती. टेलिफोनच्या लायनीत खरखर झाली की असला कचरा येतोच, म्हणून तोमोएने लक्ष दिलं नाही.

बुधवारी दुसरी मेल आली. तिच्या शेवटी :-) होतं.

तोमोए आमागासाकीतल्या एका छापखान्यात टायपिंग करायची. तिच्या धाकट्या बहिणीने, सावाने, मान डावीकडे वाकवून बघावं लागेल असं हसू आजवर कधी पाठवलं नव्हतं. ती उभे चेहरे काढायची. हसताना (^_^), रडताना (;_;), माफी मागताना दोन्ही हात टेकून m(_ _)m. माणूस खरा की खोटा ते डोळ्यांवरून कळतं, तोंड काय कुणीही वाकडं करेल, असं ती म्हणायची. 'नि' लिहून स्पेस दाबलं की हसरा चेहरा उमटावा, अशी तिने संगणकाच्या शब्दकोशात नोंदच करून ठेवली होती.

तोमोएने समोरच्या कीबोर्डकडे पाहिलं. इथल्या जपानी कीबोर्डवर कोलनचं बटण वेगळं असतं, शिफ्ट लागत नाही. अमेरिकन कीबोर्डवर मात्र कोलनसाठी शिफ्ट धरून अर्धविराम दाबतात. तिने तसं दाबलं. पडद्यावर + आलं. मग आडवी रेघ. मग शिफ्ट धरून शून्य, तिकडे बंद होणारा कंस तिथे असतो. काहीच उमटलं नाही. इथे तो कंस नवावर आहे.

पडद्यावर +- होतं. मंगळवारचा कचरा.

अमेरिकन कीबोर्डवर वाढलेली बोटं त्या घरात एकाचीच होती. सावाचा नवरा कात्सुरो सात वर्षं अमेरिकेत, सॅन होजेला होता. मंगळवारी त्याने न बघता टाइप केलं होतं, बुधवारी बटणं शोधून. मागच्या उन्हाळ्यात सावाच्या कानामागे टाके पडले होते, तेव्हा कपाटाचं दार लागलं असं तिने सांगितलं होतं.

चौकीतल्या त्सुकुदा हवालदारांनी दोन्ही मेलचे छापून आणलेले कागद नीट पाहिले. तोमोएने त्यांना बोट ठेवून सगळं समजावलं. ते वयस्कर होते, चौकीचे अहवाल हातानेच लिहायचे.

"म्हणजे बाई, हसरा चेहरा आडवा पडलाय म्हणून मी लोकांचं दार फोडू?"

"फोडू नका. फक्त वाजवा."

टोपी शोधतो म्हणाले. तोमोए थांबली नाही.

कात्सुरोने साखळी न काढता दार उघडलं. सावा झोपलीय, म्हणाला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर वाळलेला तपकिरी डाग होता. तोमोएने फटीत हात घातला आणि बहिणीला हाक मारली. आतून काहीतरी जमिनीवर आपटलं.

"ताई, हात काढ," तो शांतपणे म्हणाला, आणि दार लावलं.

हात आतच होता. त्याने दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज जिन्यात ऐकू आला. जिना चढत आलेल्या त्सुकुदांनीही तो ऐकला. त्यांनी खांदा लावला, साखळी उखडली, कात्सुरो मागे पडला. उठला तो स्वयंपाकघरातली सुरी घेऊनच. त्सुकुदांचा दंड कोपरापर्यंत चिरला. त्यांनी दंडुका आधी त्याच्या मनगटावर आणि मग गुडघ्यावर मारला, तो खाली पडल्यावरही आणखी दोनदा. अहवालात ते दोन फटके नाहीत.

सावा न्हाणीघरात होती. पाय टेलिफोनच्या वायरीने बांधलेले, तोंडात टॉवेल. सोमवारी ती बहिणीला मेल लिहीत असताना तो मागे येऊन उभा राहिला होता. तेव्हा पडद्यावर नुसतं (;_;) होतं, मजकूर अजून लिहायचाच होता. त्याने टेबलाचा खण उघडला, तिची बोटं आत धरली आणि खण लाथेने बंद केला. दोन्ही हातांची, आळीपाळीने. मग खुर्ची ओढून स्वतः टाइप करायला बसला.

"ताई," टॉवेल काढल्यावर सावा म्हणाली, "मी काहीच लिहू शकले नाही गं."

"त्याने लिहिलं ना. तेवढं पुरलं."

जबाब नोंदवताना त्सुकुदांनी तो कागद पुन्हा मागून घेतला. मान डावीकडे वाकवली, बराच वेळ बघितलं. "हसतोय खरा," म्हणाले, आणि पुराव्याच्या पाकिटात घातला.

अकराव्या दिवशी तोमोएच्या पडद्यावर सावाची मेल आली. मजकूर नव्हता. एवढंच होतं:

^-^

कंस नव्हते. कंसाला शिफ्ट लागतं, म्हणजे दोन बोटं. ही दोन्ही चिन्हं इथल्या कीबोर्डवर एकेका बटणाची, शिफ्टशिवायची. तोमोएचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताच्या एका बोटाने तिने तीच तीन चिन्हं उमटवली आणि पाठवून दिली.