हँगरचा अर्धा किलो

जिंतूरच्या कॉलेजात दिनकररावांनी एकोणीस वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकलं घेतली, पण आज आपल्याच लॅबमध्ये एकटं बसायला त्यांना भीती वाटत होती. समोर बबिताचं जर्नल होतं. पोरगी दिवाळीच्या आधी काविळीनं गेली. तिची आई सगुणाबाई वालूरहून दोनच्या एसटीनं जर्नल न्यायला येणार होती, आणि सोनोमीटरच्या पानावर सरांच्याच अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं : ‘आकडे बनावट.’

प्रयोग तसा साधा. तारेला चार किलोचा ताण द्यायचा, ट्यूनिंग फोर्क वाजवून टेकवायचा आणि तारेवरचा कागदाचा कपटा उडेल तेवढी लांबी मोजायची. वारंवारता लांबीसमोर मांडली तर वक्ररेषा येते. लांबी मीटरमध्ये घेऊन एक भागिले लांबीसमोर मांडली की सरळ. तिचा चढ ७९.८ यायला हवा. सगळ्या वर्गाचा तेवढाच यायचा, कारण सगळे मागच्या वर्षीचं जर्नल उतरवायचे. सरांनाही ते ठाऊक होतं, आणि तपासायला सोपं म्हणून चालतही होतं. बबिताचा आला ८४.६.

सरांनी तार ताणली. २५६ वारंवारतेचा फोर्क टेकवला. कपटा उडाला ३३.० सेंटिमीटरवर, जर्नलात ३३.१ होतं. ५१२ला १६.५, जर्नलात तेच. प्रत्येक आकडा कुणीतरी कानाशी आधीच सांगत होतं. सरांनी दोनदा मागं वळून पाहिलं. मागं रिकामी स्टुलं होती.

सहा बिंदूंमधून त्यांनी सर्वांत जवळून जाणारी रेषा ओढली. मग बिंदूंना सोसेल तेवढी जास्तीत जास्त उभी आणि कमीत कमी उभी, अशा दोन. चढ आला ८४.५, चूक फार तर ०.८ इकडे-तिकडे. बबिताचा आकडा बरोबर त्यात बसत होता. त्यांचा स्वतःचा ७९.८ कुठल्याच रेषेवर येईना.

एवढा चढ यायला ताण साडेचार किलोचा हवा. सर वजनं अडकवायचा लोखंडी हँगर काढून समोरच्या किराणा दुकानात गेले. काट्यावर तो अर्धा किलो भरला. एकोणीस वर्षांत त्याचं वजन कुणी धरलंच नव्हतं. लाजेनं त्यांचे कान तापले.

त्यांनी लाल शेरा खोडून ‘बरोबर’ लिहिलं आणि सही केली. सगुणाबाई आल्या, तेव्हा शाई ओलीच होती. त्यांना वाचता येत नव्हतं; त्यांनी पानावरून नुसता हात फिरवला.

“लय हुशार होती, सर. तापात एकच बडबडायची, मी खोटं लिवलं न्हाई, मी खोटं लिवलं न्हाई. मी म्हनायचे, बाई, तुला खोटं कोन म्हनायलंय?”

दिनकररावांनी पेनाला टोपण लावलं.

“मी म्हणालो होतो,” ते म्हणाले.