कांद्यासारखा वाळवलेला लॅपटॉप

बहिरू जन्मभर बशीतूनच चहा प्याला. त्या दिवशी मात्र बशी ओठांपर्यंत पोचलीच नाही. लेक तेजस्विनी एका लग्नाला सटाण्याला गेलेली, आणि तिचा कंपनीचा लॅपटॉप ओट्यावर चार्जरला लावलेला. अर्धी बशी चहा त्याच्या बटणांवर गेला.

लेकीची ही घराण्यातली पहिली नोकरी, तीही अजून कच्ची. बहिरूने उपरण्याने वरवर पुसलं आणि शेतकऱ्याची अक्कल चालवली. कांदा कसा सुकवतात? सावलीत, वाऱ्याला. दोन दिवस लॅपटॉप पंख्याखाली उघडा पडला होता, चार्जर तसाच लावलेला. लेक आली, लॅपटॉप चालू झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बहिरू गप्प बसला. गप्प बसायला काय अक्कल लागते?

तीन आठवड्यांनी बटणं चिकटू लागली. मग एका सकाळी कामाच्या मधेच लॅपटॉप बंद पडला. कंपनीने तिला नाशिकच्या दुरुस्ती केंद्रात पाठवलं. तिथला अहवाल कंपनीला जाणार होता. सिन्नरहून बसने बहिरूही मागे लागून आला. घरी त्याचा जीव लागेना.

कारागीर हर्षलने खालचं झाकण उघडून आतली पाटी, म्हणजे मदरबोर्ड, बाहेर काढली. तिच्यावर तपकिरी डाग आणि हिरवट बुरशीसारखा थर होता.

"चहा आहे. दूध-साखरेचा."

"चहा? शक्यच नाही," तेजस्विनी म्हणाली.

"ताई, पाणी उडून जातं, साखर राहते. त्यात वीज चालू, म्हणजे ती आतलं तांबं खात सुटते. लगेच बंद करून, चार्जर काढून, उलटा धरून आणला असता, तर स्पिरिटने धुऊन वाचवला असता. फार तर कीबोर्ड बदलला असता. आता चार्जिंगची वाटच खाल्ली गेलीय. माहिती बहुतेक निघेल. पण पाटी धुऊन चालू केली, तरी भरवसा नाही, महिन्याने पुन्हा दगा देईल." त्याने अहवालाचा कागद ओढला. "सांडला कधी?"

"सांडलाच नाही! मी चहा जवळसुद्धा नेत नाही."

हर्षलने वर पाहिलंही नाही. "सगळे असंच म्हणतात. 'निष्काळजीपणा, माहिती लपवली' असं लिहावं लागेल." त्याने ते लिहिलंही.

तिचा चेहरा लाल झाला. खोटारडी ठरून नोकरी जाणार हे तिला कळलं होतं. तिने वळून बहिरूच्या डोक्यावर हात ठेवला.

"बापाची शपथ घेऊन सांगते..."

"हात काढ, पोरी," बहिरू म्हणाला. "म्या सांडला. तू सटाण्याला गेलती तव्हा."

तिने हात काढला.

"आप्पा, त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

हर्षलने 'ताईंच्या वडिलांकडून सांडला' एवढं कागदात भरलं, आणि 'माहिती लपवली' तसंच ठेवलं.